गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

पुण्यात एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरची जागा निघाली की टेस्ट लीडच्या मेलबॉक्समध्ये अर्जांचा ढीग पडतो. त्यात अधूनमधून शिक्षकांचेही अर्ज असतात. कोणी विनाअनुदानित शाळेतल्या तुटपुंज्या पगाराला कंटाळलेलं, कोणी टीईटी पास होऊन भरतीची वाट पाहून थकलेलं, तर कोणी जोडीदाराच्या बदलीमुळे शहरात आलेलं. बायोडेटासोबत एक छोटा मजकूर येतो. पूर्वी त्याला कव्हर लेटर म्हणत. आता तो मेलमध्ये किंवा नोकरीच्या अ‍ॅपमधल्या चौकटीत टाकलेला मेसेज असतो. त्याचा नेहमीचा नमुना साधारण असा: ‘मी गेली ११ वर्षं गणित शिकवते. माझ्याकडे संयम, उत्तम संवादकौशल्य आणि बारकाईने पाहण्याची वृत्ती आहे. पेपर तपासण्याचा दीर्घ अनुभव असल्याने सॉफ्टवेअर तपासणं मला सहज जमेल.’

यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागतही नाही. आपण संयमी आहोत असं कोण लिहीत नाही? शेवटचं वाक्य तर अर्जाला मारकच ठरतं. पेपर तपासताना शिक्षकाच्या हातात आदर्श उत्तरपत्रिका असते. टेस्टरला ती बहुतेकदा मिळत नाही. सॉफ्टवेअरने नेमकं काय करायला हवं हेच कुठेतरी अर्धवट लिहिलेलं असतं आणि ते विचारून, खोदून काढण्यात त्याचा बराच वेळ जातो. ‘सहज जमेल’ असं वाचल्यावर लीडला एवढंच कळतं की या बाईंनी हे काम अजून जवळून पाहिलेलं नाही.

मग शिक्षकाने सोबत न्यावं असं खरोखर काय असतं?

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता मुलांची वजाबाकी. त्यांचं म्हणणं असं की मुलं वाटेल तशी चुकत नाहीत. पुष्कळदा मूल एक चुकीचा नियम अगदी इमानेइतबारे पाळत असतं. या चुकीच्या नियमांना त्यांनी संगणकवाल्यांचाच शब्द वापरला, बग. त्यांनी ‘बगी’ नावाचा एक प्रोग्रॅमही केला होता. त्यात संगणक विद्यार्थ्याचं सोंग घेई. त्याच्या पोटात एक चुकीचा नियम लपवलेला असे. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी त्याला गणितं घालायची, त्याची उत्तरं पाहायची आणि नियम ओळखायचा.

आपल्याकडच्या प्राथमिक शिक्षकांना हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही. मुलाने ५२ वजा ३८ चं उत्तर २६ काढलं, तर जाणती शिक्षिका नुसती फुली मारून पुढे जात नाही. तिला दिसतं की एकक स्थानी २ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने उलटं केलं, ८ मधून २ घालवले. हा अंदाज खरा की खोटा, हे ती आणखी एक गणित देऊन ठरवते. इथे गणिताची निवड महत्त्वाची. ५८ वजा ३२ दिलं तर काही कळणार नाही, कारण हातचा घ्यावाच लागत नाही आणि मूल बरोबर उत्तर देतं. ७० वजा ३४ दिलं आणि ४४ आले तरीही घोळ राहतो, कारण दोन वेगळे गैरसमज तेच उत्तर देतात: ‘मोठ्यातून लहान घालवायचा’ हा एक आणि ‘शून्यातून काही घालवलं की तोच आकडा खाली येतो’ हा दुसरा. शून्य नसलेलं, पण हातचा लागणारं गणितच या दोघांना वेगळं करतं. ६३ वजा ४७ ला २४ आले, तर पहिला गैरसमज नक्की.

चुकीबद्दल दोन अंदाज असले, तर दोघांची उत्तरं वेगळी येतील असं उदाहरण मुद्दाम शोधायचं, हेच टेस्टरचं रोजचं काम. वर्गावर ताबा ठेवणं, स्नेहसंमेलन पार पाडणं, पालकसभेत बोलणं ही कौशल्यं खरी असली, तरी टेस्ट लीडच्या दृष्टीने ती लांबची. चुकीचा माग काढण्याची ही सवय मात्र थेट उपयोगाची आहे.

दुसरी अशी गोष्ट म्हणजे संविधान तक्ता. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने तो घोकलेला असतो आणि बहुतेकांनी शाळेत आल्यावर नाइलाजाने भरलेला असतो. आडव्या ओळींत अभ्यासक्रमाचे घटक, उभ्या रकान्यांत ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही उद्दिष्टं, आणि चौकटींत गुणांचा भार. तक्ता भरला की लगेच दिसतं की भूमितीच्या एका घटकावर उपयोजनाचा एकही प्रश्न नाही, आणि समीकरणांवर मात्र चार आहेत. टेस्टरही असाच तक्ता ठेवतो. त्याच्या एका बाजूला सॉफ्टवेअरकडून असलेल्या अपेक्षा असतात, दुसऱ्या बाजूला प्रत्येक अपेक्षा तपासणाऱ्या टेस्ट केस, आणि रिकामी चौकट म्हणजे न तपासलेली बाजू. शिक्षकांच्या अर्जात या तक्त्याचा उल्लेख कसा येत नाही, हे एक कोडंच आहे. कदाचित तो इतका कंटाळवाणा वाटलेला असतो की त्याला कौशल्य म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही.

अर्थात ‘मला चुकीचा माग काढता येतो’ हाही दावाच झाला. दाखवायला हवं ते एखादं केलेलं काम, आणि ते शाळेतच सापडू शकतं.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना असा अर्ज करायचा आहे. शाळेचा निकाल एका एक्सेल फाइलवर लागतो. फाइल आधीच्या कोणा सरांनी केलेली, वर्षानुवर्षं तीच चालत आलेली. प्रत्येक ओळीत एक विद्यार्थी, पाच विषयांचे शंभरपैकी गुण आणि शेवटी सरासरीचं सूत्र:

```
=AVERAGE(B2:F2)
```

एका मुलीचे गुण ६०, ५०, ७० आणि ४०. विज्ञानाला ती गैरहजर, म्हणून तिथे AB लिहिलंय. फाइल सरासरी दाखवते ५५. चार विषयांची बेरीज २२०, तिला पाचने भागलं तर ४४ येतात. एक्सेलचं हे सूत्र अक्षरं असलेली चौकट सोडून देतं आणि उरलेल्या चारांनीच भागतं. त्यामुळे पाचही पेपर देऊन सरासरी ५४ मिळवलेली मुलगी या गैरहजर मुलीच्या खाली जाते. कुठेही लाल खूण नाही, सूचना नाही.

इथे थांबून ‘फाइल चुकते’ म्हणून मोकळं होता येईल. टेस्टर आणखी खोदतो. AB च्या जागी शून्य टाकलं तर ४४ येतात. चौकट रिकामी ठेवली तर पुन्हा ५५. म्हणजे गुण न मिळालेल्या मुलीची नोंद तीन प्रकारे होऊ शकते आणि तिची सरासरी ती नोंद करणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहते. आता अंदाज असा की सूत्र अक्षरांना वगळतं. तो खरा असेल तर आणखी एक गोष्ट घडायला हवी: आकडाच, पण मजकूर म्हणून साठवलेला, तोही वगळला जायला हवा. दुसऱ्या फाइलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गुण चिकटवताना असं होऊ शकतं. बाई ६०, ५०, ८०, ७०, ४० अशी ओळ घेतात आणि त्यातला ५० मुद्दाम मजकूर म्हणून टाकतात. बरोबर सरासरी ६०. फाइल सांगते ६२.५.

हा दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट आहे. AB निदान डोळ्यांना दिसतं. इथे पाचही आकडे जागेवर आहेत आणि निकाल चुकलेला आहे. ओळखायची खूण एकच, तीही बारीक: मजकूर झालेला आकडा चौकटीत डावीकडे चिकटतो आणि एक्सेल सहसा कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दाखवतं. ज्याने सगळे रकाने मध्यावर आणून ठेवलेत, त्याच्या फाइलमध्ये पहिली खूणही जाते.

आता हे लिहायचं कसं? शिक्षकाची लाल शाई इथे आडवी येते. ‘सूत्र चुकीचं लावलं आहे, दुरुस्त करावे’ हा शेरा झाला. बग रिपोर्टमध्ये वाचणाऱ्याला तोच दोष स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता आला पाहिजे, आणि त्यात कोणाचा दोष हा विषय नसतो. बाईंचा पहिला रिपोर्ट असा:

शीर्षक: एका विषयाला AB असल्यास सरासरी उरलेल्या चार विषयांवरच निघते.
पायऱ्या: १. नवी ओळ घ्या. २. पाच विषयांत ६०, ५०, AB, ७०, ४० भरा. ३. सरासरीचा रकाना पाहा.
प्रत्यक्ष निकाल: ५५.
अपेक्षित निकाल: शाळेचा नियम स्पष्ट करून हवा. गैरहजेरीला शून्य धरायचं असल्यास ४४. फेरपरीक्षा होणार असल्यास सरासरी न दाखवता ‘निकाल राखीव’ दिसावं.
परिणाम: गुणानुक्रम बदलतो, सूचना दिसत नाही.

अपेक्षित निकालाच्या ओळीत उत्तराऐवजी प्रश्न आहे, आणि अनुभवी लीडची नजर तिथेच थांबेल. ५५ चूक आहे हे ठामपणे सांगायला मुळात नियम ठाऊक हवा. गैरहजर म्हणजे शून्य की आणखी काही, हे मुख्याध्यापक ठरवणार, टेस्टर नाही. हा फरक आपण ओळखतो, हे बाईंनी एकही विशेषण न वापरता दाखवलं.

या सगळ्यात एक पथ्य पाळावं लागतं. फाइलमध्ये खऱ्या मुलांची नावं, जन्मतारखा, कधी आधार क्रमांकही असतात. त्याचे स्क्रीनशॉट नोकरीच्या अर्जाला जोडणं हा मुलांच्या खासगीपणाचा भंग आहे, आणि लीडही ते पाहून चपापेल. म्हणून नवी कोरी फाइल, काल्पनिक नावं, तेच सूत्र. सरकारी पोर्टलवर खोट्या नोंदी करून ‘टेस्टिंग’ करणं तर साफ टाळावं. परवानगी नसताना दुसऱ्याच्या चालू यंत्रणेत हात घालणाऱ्याला टेस्टर म्हणून कोणी ठेवत नाही.

शाळेत असं काही हाती नसेल, तर मूडल आहे. ऑनलाइन वर्गांसाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर २००२ पासून चालू आहे आणि त्याच्या दोषांची नोंदवही जाहीर आहे. खातं उघडून कोणालाही बग नोंदवता येतो. शिक्षकाला त्यातली गुणनोंदीची पानं बाहेरच्या माणसापेक्षा चटकन कळतात. सरावासाठी केलेल्या खोट्या दुकानांच्या साइटही आहेत. saucedemo.com वर problem_user या नावाने आत गेलं की मुद्दाम बिघडवलेलं दुकान दिसतं. सरावाला ते उत्तम. पण त्यातले दोष जगभरच्या नवशिक्यांनी शोधून झालेत, त्यामुळे अर्जात त्यांचं वजन फारसं पडत नाही.

अर्जातली अवघड ओळ असते ती आपल्याला काय येत नाही याची. ती लिहायला हात धजत नाही, आणि इथेच बाजारातल्या सल्लागारांचं फावतं. पैसे घेऊन तीन वर्षांच्या टेस्टिंगच्या अनुभवाचं बनावट पत्र देणारे लोक आहेत. कंपन्या मात्र रुजू होण्याच्या आगेमागे पार्श्वभूमी तपासतात. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या मालकाने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले याची नोंद असते; पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि आधीच्या नोकरीचं मुक्तीपत्र मागितलं जातं. बनावट अनुभव तिथे उघडा पडतो आणि मिळालेली नोकरीही जाते.

बनावट पत्र कोणी घेतलं नाही, तरी एक सौम्य लबाडी शिल्लक राहते: ‘११ वर्षांचा चाचणीचा अनुभव’. शाळेतल्या चाचण्या घेतल्या, म्हणून वाक्य शब्दशः खरं, आणि तरीही दिशाभूल करणारं. मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ते कोसळतं आणि त्यानंतर संविधान तक्त्याची खरी गोष्टही कोणी ऐकून घेत नाही.

प्रमाणपत्रालाही त्याच्या मापाचीच जागा द्यावी. आयएसटीक्यूबीच्या फाउंडेशन परीक्षेत एका तासात ४० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण व्हायला ६५ टक्के, म्हणजे २६ गुण लागतात. त्यातून या क्षेत्राची भाषा येते हे सिद्ध होतं. बग शोधता येतो, हे बहुपर्यायी प्रश्नांतून सिद्ध होत नाही, हे शिक्षकाइतकं कोणाला ठाऊक असणार? अर्जात त्याला एक ओळ पुरे.

आता बाईंचा मेसेज पाहू. पुण्यातल्या कंपनीला तो इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत लिहून काढला तर पोकळ वाक्यं लगेच उघडी पडतात. ‘प्रभावी संवादकौशल्य’ मराठीत लिहिलं की स्वतःलाच हसू येतं. जाहिरात शाळांसाठी निकालाचं अ‍ॅप करणाऱ्या कंपनीची आहे असं धरू.

‘नमस्कार,

ज्युनिअर टेस्टरच्या जागेसाठी अर्ज करते आहे. मी ११ वर्षं सातवी ते दहावीला गणित शिकवते. टेस्टिंगची नोकरी मी आजवर केलेली नाही.

आमच्या शाळेच्या निकालाची एक्सेल फाइल मी टेस्टरच्या पद्धतीने तपासली. विद्यार्थी गैरहजर असेल किंवा गुण मजकूर म्हणून चिकटवले गेले असतील, तर सरासरी चुकते आणि फाइल काहीच सूचना देत नाही, असं आढळलं. टेस्ट केस आणि दोन बग रिपोर्ट सोबत जोडले आहेत. त्यांतली नावं आणि गुण काल्पनिक आहेत.

शिकवताना लागलेल्या दोन सवयी या कामी आल्या. प्रश्नपत्रिकेआधी संविधान तक्ता करून कोणता घटक सुटला ते मी पाहते. टेस्ट केसची यादी तशीच केली. मुलाचं उत्तर चुकलं की कोणत्या पायरीवर चुकलं हे ठरवणारं पुढचं उदाहरण देते. दुसरा बग तसाच सापडला.

ऑटोमेशन मला येत नाही. एसक्यूएलच्या साध्या क्वेरी लिहिता येतात. जिरा सरावापुरतं वापरलं आहे. आयएसटीक्यूबी फाउंडेशन परीक्षा उत्तीर्ण आहे.

पगार आणि पद नवशिक्याचं असेल हे मी धरून चालले आहे. शाळेला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल.’

मेसेज इथेच संपतो. अनुभव नसल्याची कबुली पहिल्याच परिच्छेदात आहे, आणि ती तिथेच हवी. शेवटी आली असती, तर लपवून ठेवलेली गोष्ट नाइलाजाने सांगितल्यासारखी वाटली असती. शिवाय ती क्षमायाचना नाही, ‘तरीही एक संधी द्यावी’ असा सूर नाही. त्यानंतर लगेच काम येतं, मग त्या कामातून सवयी. हा क्रम उलटा केला आणि आधी सवयी, मग पुरावा असं लिहिलं, तर वाचणारा पुरावा येईपर्यंत टिकत नाही. नोटीशीची ओळ रुक्ष वाटेल, पण तिच्यामुळे पुढचा एक फोन वाचतो. आणि तीन महिने थांबणं शक्य नसलेली कंपनी आधीच नकार कळवेल, तेही बरंच.

या मेसेजची मर्यादाही आहे. जाहिरातीत ‘ऑटोमेशन आवश्यक’ असं लिहिलेलं असेल, तर तो कितीही चांगला असला तरी चालणार नाही आणि तिथे तो पाठवूही नये. विमा किंवा बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी पाठवायचा तर निकालाची फाइल कामाचा नमुना म्हणून राहील, पण शाळेचं क्षेत्र ठाऊक असण्याचा फायदा मिळणार नाही. तो मिळतो शाळांच्या अ‍ॅपवर, परीक्षांच्या सॉफ्टवेअरवर, अभ्यासाच्या अ‍ॅपवर. म्हणून पहिले अर्ज तिकडे जावेत.

मुलाखतीचं बोलावणं आलं, तर प्रश्न बहुधा याच मेसेजमधून निघतील. लीड एक चौकट काढून विचारेल: लेखी परीक्षेचे गुण, शून्य ते ८०. काय काय टाकून पाहाल? १ पासून ७९ पर्यंत सगळे आकडे टाकण्यात अर्थ नाही; ते सारखेच वागतील असं धरून मधला एखादा पुरतो. दोष सापडतात ते कडेला. म्हणून उणे १, शून्य, ८० आणि ८१. हे पुस्तकातलं उत्तर सगळेच देतात. यापुढे जाऊन ‘अर्धा गुण चालतो का? AB कसं भरायचं? देवनागरीत ७२ टाइप केले तर? आणि भरलेले गुण नंतर कोणाला बदलता येतात?’ असं विचारायला शाळेत निकाल भरलेला माणूस लागतो.

मग लीड कदाचित आणखी एक प्रश्न टाकेल: तुमचा बग डेव्हलपरने ‘हे असंच अपेक्षित आहे’ म्हणून बंद केला तर? वर्गात शिक्षकाचा शब्द शेवटचा असतो, इथे नसतो, आणि शाळेतून आलेल्यांची खरी अडचण याच प्रश्नावर होते. उत्तर असं: आधी लेखी अपेक्षा पाहायची. तसा नियम तिथे लिहिलेला असेल तर डेव्हलपर बरोबर आहे आणि आपली टेस्ट केस दुरुस्त करायची. नियम लिहिलेलाच नसेल, तर गैरहजर मुलीची ती ओळ, ५५ आणि ४४ हे दोन्ही आकडे आणि गुणानुक्रमातला बदल समोर ठेवून प्रॉडक्ट ओनरला विचारायचं, आणि तो सांगेल ते लेखी नोंदवून घ्यायचं. टेस्ट केस मात्र दोन्ही वेळा यादीतच राहते, कारण पुढच्या आवृत्तीत तीच ओळ पुन्हा चालवावी लागणार असते.